तुम्ही विचारलंत म्हणून: कुशीवर झोपलं की ठणकणारा खुबा

"डाव्या कुशीवर झोपलं की खुब्याला बाहेरच्या बाजूनं ठणका लागतो, रात्री दोन-तीनदा जाग येते. माझा खुबा झिजलाय का? की नुसती सूज आहे?"

उत्तर देण्याआधी मी समोरच्याला उभं करते आणि दुखतं तिथं हात ठेवायला सांगते. कारण आपल्याकडे 'खुबा' या शब्दात कंबर, कुल्हा, जांघ आणि मांडीचा वरचा भाग असं सगळंच मावतं. सांगलीत फिजिओथेरपीचा दवाखाना चालवताना मला कळलंय की माणसाच्या शब्दांपेक्षा त्याचा हात जास्त नेमकं सांगतो.

खुब्याचा खरा सांधा खोल आत असतो, जांघेच्या मागे. तो दुखत असेल तर माणूस बहुतेक वेळा जांघेवर हात ठेवतो. नाहीतर अंगठा मागे कुल्ह्यावर आणि बोटं पुढे जांघेत अशी पकड घालून दाखवतो. दुखणं मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंतही उतरतं. कधी नुसता गुडघाच दुखतो आणि माणूस गुडघ्याचे फोटो काढत फिरतो.

तुम्ही विचारताय ते दुखणं बाहेरच्या बाजूचं आहे. पॅन्टच्या शिवणीवरून हात खाली नेला की मांडीच्या वरच्या टोकाला हाडाचा एक उंचवटा लागतो. कुशीवर झोपल्यावर गादीवर टेकतो तो हाच. इथं दुखणारा माणूस तळवा बरोबर त्या उंचवट्यावर ठेवतो, आणि तिथं बोट दाबलं की "आई गं" म्हणतो.

त्या उंचवट्यावर कुल्ह्याच्या बाजूच्या स्नायूंचे टेंडन येऊन चिकटतात. आपण एका पायावर उभे असताना कंबर दुसरीकडे कलू न देणं हे या स्नायूंचं काम. त्यांच्यावरून मांडीच्या बाहेरच्या कडेनं एक जाड, चिवट पट्टी खाली गुडघ्यापर्यंत जाते. पट्टी, टेंडन आणि हाड एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये बुळबुळीत द्रवाच्या चपट्या पिशव्या असतात. त्यांना बर्सा म्हणतात. पूर्वी या दुखण्याला सरसकट 'बर्साची सूज' म्हणायचे, आणि मीही तेच शिकले. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दुखणाऱ्या ८७७ जणांच्या सोनोग्राफी पाहिल्या, तेव्हा जवळपास ८० टक्के लोकांच्या बर्साला सूज नव्हतीच. बऱ्याच जणांचं टेंडन खराब झालेलं होतं. म्हणजे बर्सा चिडतो हे खरं, पण अनेकदा तो एकटा नसतो, शेजारचं टेंडनही कुरकुरत असतं. उपचाराच्या दृष्टीनं एक गोष्ट दोघांना सारखीच लागू पडते: त्यांना दाब सोसत नाही.

हा दाब दोन तऱ्हांनी येतो. कुशीवर झोपल्यावर गादी बाहेरून दाबते, ते सगळ्यांना कळतं. दुसरा दाब सहसा लक्षात येत नाही. पाय शरीराच्या मधल्या रेषेकडे, आत आला की ती बाहेरची पट्टी ताणली जाते आणि खालच्या टेंडनला, बर्साला हाडावर चेपते. म्हणून लोक चक्रावून सांगतात, "मॅडम, चांगल्या कुशीवर झोपलं तरी वरचाच दुखतो!" वरचा पाय पुढे येऊन गादीवर पडलेला असतो, म्हणजे आतच आलेला असतो. सांध्याचं दुखणंही रात्री जागवतं, पण ते सहसा असं कुशीवर अवलंबून नसतं.

गेल्या वर्षी आलेल्या एका काकूंचं सांगते. वय ५६, घर विश्रामबागेत. हातात एक्स-रे, आणि रिपोर्टात 'सांध्यात किरकोळ झीज' असं लिहिलेलं. ते वाचून त्यांनी मनातल्या मनात सांधा बदलण्याच्या ऑपरेशनचा खर्चसुद्धा मांडून ठेवला होता. "खुबा गेला बघा माझा," बसता बसताच म्हणाल्या.

मी विचारलं, पायाची नखं कोण कापतं? "मीच की. दुसरं कोण कापणार?" खाली मांडी घालून बसता येतं? येतं, पण उठताना पहिली चार पावलं लंगडत टाकावी लागतात. या दोन उत्तरांनी मी निम्मी निश्चिंत झाले. सांधा झिजून आखडला की पाऊल हाताजवळ आणणं जड जातं. मोजे घालणं, नखं कापणं, मांडी घालणं, एकेक गोष्ट सुटत जाते. बाहेरच्या दुखण्यात हे सगळं सहसा जमतं.

मग त्यांना उताणं झोपवलं. खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवून पाऊल हळूहळू बाहेर नेलं, म्हणजे मांडी आतल्या बाजूला फिरली. झिजलेला सांधा इथं लवकर अडतो आणि जांघेत कळ येते. काकूंचा पाय दोन्हीकडे सारखाच फिरला आणि जांघेत काही नाही. बाहेरच्या उंचवट्यावर दाबल्यावर मात्र त्यांनी माझा हात झटकला. शेवटी भिंतीला एक बोट टेकवून नुसत्या डाव्या पायावर ३० सेकंद उभं राहायला सांगितलं. अठराव्या सेकंदाला म्हणाल्या, "हेच, रात्री हेच हुतंय." आणि एक्स-रे? पन्नाशीनंतर किरकोळ झीज अनेकांच्या एक्स-रेत दिसते आणि त्यातल्या कित्येकांना काहीही दुखत नसतं. रिपोर्ट खोटा नव्हता, पण दुखण्याचं कारण तो सांगत नव्हता.

आता हे आलं कुठून? पडल्या नव्हत्या, मार लागला नव्हता. बोलता बोलता निघालं की अकरा महिन्यांचा नातू दिवसभर त्यांच्याकडे असतो, आणि असतो तो डाव्या कडेवर. उजव्या हातानं कुकर, फोन, दार, सगळं. बाळ कडेवर घेतलेली बाई आठवून बघा: कंबर एका बाजूला काढलेली, वजन त्याच पायावर, बाळ त्या काढलेल्या कमरेवर बसवलेलं. त्या पायाचा खुबा तासन्‌तास 'आत आलेल्या' अवस्थेत असतो आणि वर नऊ किलोंचं गाठोडं. याच वयातल्या बायकांमध्ये हे दुखणं जास्त दिसतं. कडेवरच्या नातवंडाचा प्रश्न मात्र कुठल्याच तपासणीच्या फॉर्मवर मी पाहिलेला नाही. आमच्या गावात तो पहिला हवा.

त्यात त्यांनी दोन गोष्टींची भर घातली होती. वजन वाढलं म्हणून एकदम रोज तासभर आमराईत फेऱ्या सुरू केल्या. आणि दुखायला लागल्यावर व्हिडिओ बघून ताण द्यायचा व्यायाम धरला: उताणं झोपून गुडघा विरुद्ध खांद्याकडे ओढायचा. करताना बरं वाटतं, पण त्यात पाय आतच ओढला जातो आणि दुखतं तिथंच चेपतं. रात्री दुप्पट ठणका. त्यांना हसायला मला तोंड नाही. सुरुवातीची काही वर्षं मी स्वतः हाच व्यायाम कागदावर चित्र काढून देत असे.

पहिले दोन आठवडे आम्ही फक्त दाब काढला. ताण देणं बंद. फेऱ्या वीस मिनिटांवर, सपाट रस्त्यानं. नातवाला घ्यायचं तर छातीशी, दोन्ही पायांवर वजन ठेवून, आणि शक्यतो बसून. खुर्चीत पायावर पाय टाकायचा नाही, एका पायावर भार टाकून ओट्याशी रेलायचं नाही. झोपायचं उताणं, गुडघ्याखाली उशी घेऊन. ते जमेना तेव्हा उजव्या कुशीवर, पण गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन उशा अशा की वरचा पाय आडवा, खालच्या पायाला समांतर राहील. नुसती गुडघ्यात छोटी उशी घेतली तर पाऊल खाली लोंबतं आणि फायदा निम्मा होतो. त्यांची गादी कडक होती, वर घडी घालून दोन वाकळा टाकायला सांगितल्या.

सोबत एकच व्यायाम. उताणं झोपून, गुडघे वाकवून, दोन्ही मांड्यांभोवती जुनी ओढणी बांधायची आणि पाय न हलवता तिला बाहेर रेटायचं. हलकंच, पंधरा-वीस सेकंद, पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. तिसऱ्या आठवड्यात कंबर उचलणं, मग खुर्चीवरून सावकाश उठ-बस, मग पायरी चढणं, चढताना कंबर बाजूला झुकू न देता. किती करायचं ते रात्र ठरवणार: व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल, पण त्या रात्री ठणका वाढला तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं.

इंजेक्शनचं काय, हे त्यांनीही विचारलं. त्यांनी आधी एक घेतलंही होतं. सहा आठवडे छान गेले, पुन्हा तेच. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात या दुखण्याच्या लोकांचे तीन गट केले होते. आठ आठवड्यांनी समजावणं आणि व्यायाम या गटात ७७ टक्के लोकांना चांगला फरक होता, स्टिरॉइडच्या इंजेक्शननं ५८ टक्क्यांना, आणि नुसतं थांबून २९ टक्क्यांना. वर्षानं व्यायामाचा गट तिथंच टिकला, इंजेक्शनचाही ५८ वरच, पण थांबलेले ५२ पर्यंत आले. म्हणजे वर्षाच्या हिशेबात इंजेक्शन आणि थांबणं यात फारसा फरक उरत नाही. ठणक्यानं झोपच लागत नसेल तर ते घ्यायला माझा विरोध नाही. पण दुखायचं थांबलं म्हणून बाळ पुन्हा कडेवर गेलं, तर इंजेक्शन वाया.

काही जणांना मात्र मी ओढणी बांधायला न सांगता आधी डॉक्टरांकडे पाठवते. पडल्यानंतर पायावर भार टाकता येत नसेल तर, ताप असेल तर, कुठल्याही कुशीवर सारखंच दुखत असून वजनही उतरत असेल तर. कळ गुडघ्याच्या खाली जाऊन पायाला मुंग्या येत असतील तर कंबर बघावी लागते. आणि ज्यांनी बरेच दिवस स्टिरॉइड घेतलंय किंवा जे बरीच दारू पितात त्यांच्या जांघेत दुखत असेल तर सांध्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तपासायला एमआरआय लागतो. साध्या एक्स-रेत तो बिघाड सुरुवातीला दिसत नाही.

काकूंना पाचव्या आठवड्यात पहिल्यांदा सलग झोप लागली. तीन महिन्यांनी डाव्या कुशीवर तासभर पडता यायला लागलं, पूर्ण रात्र अजून नाही. मध्ये नवव्या आठवड्यात मात्र हिरमुसून आल्या, उजवा खुबा दाखवत. म्हटलं, नातू कुठं असतो आता? "मॅडम, तुम्ही डाव्या कडेवर नको म्हणालात ना..."