मसाल्याचा गाळा आणि 80 हजारांचा फरक

2023 च्या उन्हाळ्यात मी पल्वरायझरचं, म्हणजे मसाले दळायच्या मशीनचं, कोटेशन घेतलं आणि थेट ॲडव्हान्स द्यायला निघाले होते. घरी मसाले करून ओळखीत विकत होते, मागणी वाढली होती. मामेभाऊ म्हणाला, "ताई, आधी जिल्हा उद्योग केंद्रात विचार, मग पैसे दे." त्याच्या मनात होती ती योजना म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, पीएमईजीपी: उद्योगासाठी बँकेचं कर्ज आणि त्यावर सरकारी अनुदान. तिथल्या साहेबांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं की या कर्जाचं अनुदान फक्त नव्या उद्योगाला मिळतं. मशीन घेऊन गाळा चालू केला असता, तर तो 'चालू उद्योग' झाला असता आणि माझी फाइल तिथेच मिटली असती.

दुसरी धास्ती दिरांची. त्यांनी पूर्वी याच योजनेतून कर्ज उचललं होतं आणि एका कुटुंबात एकालाच लाभ मिळतो, असं मी ऐकलं होतं. पण योजनेत कुटुंब म्हणजे फक्त नवरा-बायको. दीर त्यात येत नाहीत! शिक्षणाचीही अडचण नव्हती. आठवी पासची अट उत्पादनाच्या 10 लाखांवरच्या प्रकल्पाला आहे, माझा 8 लाखांचा होता.

खरा प्रश्न निघाला जागेचा. मी नगरपालिकेच्या हद्दीतला गाळा पाहून ठेवला होता. महिला म्हणून मला शहरात 25 टक्के अनुदान मिळणार होतं, ग्रामपंचायत हद्दीत 35 टक्के. म्हणजे 2 लाख की 2 लाख 80 हजार. हद्दीपलीकडे, रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला शेड मिळाली, भाडंही कमी. माझा वाटा दोन्हीकडे 5 टक्केच, म्हणजे 40 हजार. उरलेले 7 लाख 60 हजार बँकेचे.

अर्ज kviconline.gov.in वर फुकट भरता येतो. आमच्याकडे एक गृहस्थ "मंजूर करून देतो" म्हणत पाच हजार मागत होते. मी आणि मुलीने एका संध्याकाळी तो भरला. प्रकल्प अहवालात मात्र मी चूक केली: पुढेमागे घ्यायच्या जागेची किंमत त्यात धरली. जमिनीची किंमत प्रकल्पखर्चात चालत नाही, ती काढून अहवाल पुन्हा केला. त्यात तीन आठवडे गेले. मंजुरीनंतर दहा दिवसांचं प्रशिक्षणही घ्यावं लागलं.

आणि अनुदान हातात येत नाही, हे मला फार उशिरा कळलं. बँक ते तीन वर्षं वेगळ्या ठेवीत ठेवते. तेवढ्या रकमेवर ठेवीचं व्याज नाही आणि कर्जाचंही नाही, म्हणून मला व्याज 4 लाख 80 हजारांवरच लागतं. तीन वर्षांनी गाळा चालू आहे ना हे पाहून जातात, मग ती ठेव कर्जात वळती होते. आमची तपासणी अजून व्हायची आहे. तोवर मिरचीचा हंगाम गाठायचाय.