तेव्हा थांबशील का?

खोके बनवणाऱ्या काकांकडून आल्यापासून जेवणात लक्ष नाही. भांडण झालेलं नाही. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला.

मी कराराचा कागद पुढे सरकवला होता. वर्षाचे 12,000 खोके, महिन्याला हजार, भाव 32 रुपये, मार्चपर्यंत कायम. एकदम माल घ्यायला शेडमध्ये जागा नाही, आणि पावसाळ्यात थप्पीतले खालचे खोके ओल धरून बसतात. म्हणून दर महिन्याला शेड्यूल. काकांनी चष्मा कपाळावर ढकलला. "मिल मला आठ दिवसांपलीकडे भाव देत नाही. मी तुला वर्षाचा देऊ? बरं, देतो. कागदाचा भाव उतरला तर तेव्हा माझ्याकडे थांबशील का?"

मी "हो" म्हणालो. जरा घाईनेच. दिवाळीनंतर दोन लॉट मी कुठून उचलले, हे त्यांना माहीत आहे. बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांनी माझ्याकडूनच शब्द मागायचा! बँकेनेही, गिऱ्हाइकानेही. असो.

थांबलो असतो का मी?

रात्री वही काढली. एका खोक्याला वाया जाणारा धरून 550 ग्रॅम कागद लागतो. 36 रुपये किलोने 19.80. उरलेल्या 12.20 मध्ये गोंद, वीज, मजुरी, गाडी, त्यांचा नफा. म्हणजे काकांच्या हातात आहेत ते हे 12.20. बाकीचे मिलच्या हातात, आणि मी ते त्यांच्याकडून लिहून घ्यायला निघालो होतो. कागद 41 वर गेला असता तर त्यांनी काय केलं असतं? भाव पाळला असता आणि कागद पातळ केला असता. दहा खोके एकदम काट्यावर ठेवले की कळतं म्हणतात, पण जुलैत ओलीनेच वजन भरतं. कळतं ते तळ फाटल्यावर.

आता असं लिहिलंय: 12.20 वर्षभर कायम. कागदाचा हिशेब तिमाहीला. दोन रुपयांपर्यंतची चढ त्यांनी सोसायची, तेवढीच उतार मी सोडायची. त्यापुढचा फरक गुणिले 0.55, वर गेला तरी, खाली आला तरी. 41 झाला तर खोका 33.65 ला. निदान 10,000 उचलायचेच. नाही उचलले तर आमच्या नावाने छापून पडलेल्यांचे पैसे माझे, कारण ते दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचे नाहीत.

थांबशील का, याला माझं उत्तर म्हणजे हे शेवटचं कलम. स्वतःच्या शब्दावर भरवसा नाही म्हणून स्वतःलाच दंड लावलाय. बाबा असते तर हसले असते; त्यांचं सगळं फोनवर चालायचं.

सकाळी काकांना पाठवलं. उत्तर आलं, "पहिले हजार कधी हवेत ते सांग. आणि पैसे 45 दिवसांत. 60 नाही."

ते 60 मी मुद्दामच बारीक अक्षरात घातले होते.