ट्रॅक्टरचे फ्रँक आणि प्रागचा गहू

“मार्शल योजनेने पश्चिम युरोप उभा राहिला असे तुम्ही वर्गात सांगता आणि त्याच योजनेने युरोपचे दोन तुकडे पक्के झाले असेही सांगता. मग यांतले खरे काय?”

दोन्ही खरे आहे, आणि दोन्हींचे मूळ त्या योजनेच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने युरोपला देऊ केलेल्या मदतीच्या, एकाच अटीत आहे. इतकी वर्षे इतिहास शिकवल्यानंतर मला असे वाटते की पैशांच्या आकड्यापेक्षा ती अट समजून घेणे अधिक गरजेचे आहे.

१९४७ च्या सुरुवातीला युरोपातील कारखाने पुन्हा सुरू होऊ लागले होते, ही गोष्ट आपल्याकडे सहसा सांगितली जात नाही. अडचण उत्पादन बंद असण्याची नव्हती. ते वाढू लागल्यामुळेच ती उभी राहिली. कोळसा, धान्य, यंत्रे हे सारे अमेरिकेतून आणावे लागत होते, त्याची किंमत डॉलरमध्ये मोजावी लागत होती, आणि ते डॉलर मिळवण्यासाठी विकावे असे युरोपकडे फारसे काही नव्हते. त्यातच त्या वर्षीचा हिवाळा अतिशय कडक गेला. ब्रिटनमध्ये कोळशाअभावी कारखाने बंद ठेवावे लागले, तर जर्मन शहरांत माणसे अपुऱ्या रेशनवर दिवस काढत होती. आयात थांबली असती, तर सुरू झालेली गाडी तिथेच अडली असती.

५ जून १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठात बोलताना अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी मदतीची तयारी दाखवली, पण आराखडा युरोपीय देशांनी एकत्र बसून करावा असेही सांगितले. हीच ती अट. प्रत्येकाने आपापली यादी घेऊन वॉशिंग्टनला जायचे नव्हते. कोणाकडे काय आहे, कोणाला काय हवे आणि कोण कोणाला काय देऊ शकेल याचा हिशेब सर्वांनी एकमेकांसमोर मांडायचा होता.

पश्चिमेत ही व्यवस्था कशी चालली ते फ्रान्समधल्या एका शेतकऱ्याच्या उदाहरणाने सांगतो, कारण विद्यार्थ्यांना वाटते की अमेरिकेने नोटांच्या थैल्या पाठवल्या. या शेतकऱ्याला अमेरिकी ट्रॅक्टर हवा आहे. त्याच्याजवळ फ्रँक आहेत, पण कारखानदाराला डॉलर हवेत. अमेरिकी सरकार त्या कारखानदाराला अमेरिकेतच डॉलर देते आणि ट्रॅक्टर जहाजाने फ्रान्सला येतो. शेतकऱ्याला तो फुकट मिळत नाही. तो पूर्ण किंमत फ्रँकमध्ये भरतो आणि ते फ्रँक फ्रेंच सरकारच्या एका वेगळ्या खात्यात जमा होतात. त्यातला पाच टक्के भाग अमेरिकेच्या वापरासाठी राखलेला असे. उरलेले पंचाण्णव टक्के फ्रान्सचेच, मात्र अमेरिकी प्रशासनाच्या संमतीशिवाय खर्च करता येत नसत. फ्रान्सने हा पैसा प्रामुख्याने जाँ मोने यांच्या आधुनिकीकरण योजनेत, म्हणजे खाणी, वीजनिर्मिती आणि रेल्वेत घातला. याउलट ब्रिटनने त्यातला बराचसा भाग सरकारी कर्ज फेडण्यासाठी वापरला. मदतीचा एकच डॉलर असा दोनदा कामी येत असे: एकदा ट्रॅक्टर आणताना आणि दुसऱ्यांदा वीजकेंद्र बांधताना. (आपल्याकडे पुढे पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली तिथला गहू आला तेव्हाही किंमत रुपयांत भरली गेली, पण त्या रुपयांवर मालकी अमेरिकेची होती. हा फरक लहान नाही.)

१९४८ ते १९५२ या काळात सुमारे १३ अब्ज डॉलरची मदत झाली. मदत घेणाऱ्या देशांच्या एकूण उत्पन्नाशी तुलना केली तर हे प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्याच आसपास येते, म्हणून केवळ या पैशाने युरोप उभा केला असे मी म्हणणार नाही. पण नेमकी जी वस्तू युरोपला स्वतः मिळवता येत नव्हती ती या पैशाने आली, आणि १९५१ च्या अखेरीस पश्चिम युरोपातील औद्योगिक उत्पादन १९३८ च्या तुलनेत सुमारे ३५ टक्क्यांनी वाढलेले होते.

आता तीच अट पूर्वेकडून पाहा. मार्शल यांचे आमंत्रण सोव्हिएत संघालाही होते, आणि परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह जून १९४७ च्या अखेरीस तज्ज्ञांचा मोठा ताफा घेऊन पॅरिसला आलेही होते. प्रत्येक देशाने आपली गरज स्वतंत्रपणे कळवावी, असा त्यांचा आग्रह होता. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री बेव्हिन आणि फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री बिदो संयुक्त कार्यक्रमावर ठाम राहिले. आपली आर्थिक माहिती इतरांपुढे उघडी करणे, आणि पूर्व युरोपातील देशांचे नियोजन पश्चिमेशी जोडले जाणे, मॉस्कोला मान्य होणारे नव्हते. २ जुलैला मोलोटोव्ह बैठक सोडून निघून गेले. सोव्हिएत संघ नकार देईल अशी वॉशिंग्टनमध्ये अटकळ होती, आणि तो सामील झाला असता तर अमेरिकी काँग्रेसने पैसे मंजूर करणे अवघड झाले असते. त्यामुळे ते आमंत्रण मनापासूनचे होते असे मला म्हणवत नाही. तरीही दार उघडे होते, हे प्रागने दाखवून दिले.

चेकोस्लोव्हाकियात तेव्हा कम्युनिस्ट पंतप्रधान गॉटवाल्ड यांच्या नेतृत्वाखाली अनेक पक्षांचे मिळून सरकार होते. त्या सरकारने, त्यातील कम्युनिस्ट मंत्र्यांसह, पॅरिसच्या पुढच्या परिषदेचे आमंत्रण स्वीकारले. ९ जुलैला गॉटवाल्ड आणि परराष्ट्रमंत्री यान मासारिक मॉस्कोत होते. या परिषदेत भाग घेणे हे सोव्हिएत संघाविरुद्धचे पाऊल मानले जाईल, असे स्टालिन यांनी त्यांना स्पष्ट सांगितले. त्या वर्षी दुष्काळाने चेकोस्लोव्हाकियाचे पीक बुडत होते, म्हणून सोव्हिएत गव्हाचे आश्वासनही मिळाले. दुसऱ्या दिवशी प्रागच्या मंत्रिमंडळाने आपला होकार मागे घेतला. पोलंडही आला नाही, आणि १२ जुलैला पॅरिसमध्ये सोळा देश जमले तेव्हा पूर्व युरोपाच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

यानंतरच्या घटना एकीतून दुसरी अशा निघत गेल्या. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागमध्ये कम्युनिस्टांनी संपूर्ण सत्ता हाती घेतली. १० मार्चच्या सकाळी मासारिक परराष्ट्र खात्याच्या चेर्निन प्रासादाच्या अंगणात, आपल्या स्नानगृहाच्या खिडकीखाली, मृतावस्थेत सापडले. त्यांनी उडी घेतली की त्यांना ढकलले, हा वाद आजही मिटलेला नाही. या घटनांनी अमेरिकी काँग्रेसमधला विरोध मावळला आणि ३ एप्रिलला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी मदतीच्या कायद्यावर सही केली. ज्या योजनेच्या धास्तीने मॉस्कोने प्रागवरची पकड आवळली, तिला प्रागमधल्या त्या घटनांनीच मंजुरी मिळवून दिली.

जर्मनीत हे सर्वांत ठळक दिसते. जर्मनीच्या पश्चिमेकडील रूर खोऱ्यातल्या कोळशाशिवाय पश्चिम युरोप सावरणे अवघड होते, म्हणून पश्चिम जर्मनीला योजनेत घेतले, आणि तिथला व्यवहार मार्गी लावण्यासाठी २० जून १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या ताब्यातील तिन्ही पश्चिमी विभागांत नवे डॉइश मार्क आले. चार दिवसांनी सोव्हिएत फौजांनी पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे बंद केली. त्याच देशाच्या पूर्व भागात युद्धभरपाई म्हणून कारखान्यांतली यंत्रे आणि दुहेरी लोहमार्गांतील एकेक मार्गाचे रूळ उखडून सोव्हिएत संघात नेले जात होते. १९४९ संपण्यापूर्वी दोन जर्मन राज्ये अस्तित्वात आली होती.

ट्रॅक्टरच्या फ्रँकसारखेच मार्कही जर्मन खात्यात साठत गेले. पश्चिम जर्मनीने ते खर्चून संपवले नाहीत. पुनर्बांधणीसाठी स्थापन केलेल्या बँकेमार्फत ते उद्योगांना कर्जाऊ दिले, परत आलेले पुन्हा दिले, आणि हा निधी आजही चालू आहे. १९९० मध्ये जर्मनी एक झाल्यावर त्यातूनच पूर्वेकडच्या राज्यांतील उद्योजकांना कर्जे मिळू लागली.