धनत्रयोदशीची संध्याकाळ आणि बायोतली एक ओळ

धनत्रयोदशीच्या दुपारी मी बेळगावातल्या शहापुरात एका घरी सुनेच्या हातांवर मेहंदी काढत असताना माझ्या एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. ती रडवेली झाली होती. खानापूरहून एक बाई तिला सारखी फोन करत होती आणि विचारत होती, "तुम्ही निघालात का? आमच्या पाच जणी हात धुऊन बसल्यात." विद्यार्थिनीच्या वहीत खानापूरचे नावही नव्हते, आगाऊ रक्कम आलेली नव्हती आणि या बाईंशी आपण कधी बोललो असल्याचे तिला आठवत नव्हते.

थोड्या वेळाने उलगडा झाला. बाईंनी आठ दिवसांपूर्वी इन्स्टाग्रामवर संदेश पाठवला होता, "धनत्रयोदशी, संध्याकाळी, खानापूर, पाच बायका." ही मुलगी त्या बाईंना फॉलो करत नसल्याने तो संदेश नेहमीच्या यादीत न येता मेसेज रिक्वेस्टच्या वेगळ्या कप्प्यात जाऊन पडला आणि तो कप्पा तिने उघडलाच नव्हता. बाईंकडे मात्र या मुलीच्या इन्स्टाग्राम पानावरच्या बायोचा स्क्रीनशॉट होता. त्यात लिहिले होते, "सर्व प्रसंगांसाठी मेहंदी. दिवाळी बुकिंग चालू. बुकिंगसाठी डीएम करा." बाईंनी डीएम केला होता, म्हणजे त्यांच्या हिशेबाने बुकिंग झाले होते.

विद्यार्थिनीचे म्हणणे, "ताई, मी उत्तरच दिले नाही, मग बुकिंग कसले?" हे वरवर बरोबर वाटते, पण त्या तीन वाक्यांत उत्तराची वाट पाहा असे कोठेही म्हटलेले नाही. उलट आपली गिऱ्हाइकेही अशी आहेत की चौकशीला हो म्हणून समजतात आणि नंतर दर ऐकून गप्प बसतात, त्यामुळे सगळा दोष बाईंचा नाही आणि सगळा मुलीचाही नाही.

सण जवळ आल्यावर शेवटच्या क्षणी पाच जणींची मेहंदी का निभावता येत नाही, हे बाहेरच्याला कळत नाही. आम्ही वापरतो तो नैसर्गिक कोन दुकानातून आणता येत नाही. पानांची बारीक चाळलेली पूड लिंबाचा रस, साखर आणि निलगिरीचे तेल घालून भिजवायची, रंग सुटेपर्यंत रात्रभर ठेवायची, मग कोन भरून फ्रीझरमध्ये टाकायचे. बाहेर काढलेला कोन एक-दोन दिवसांत जोर गमावतो, म्हणून दुसऱ्या दिवशी किती हात आहेत ते आदल्या दिवशीच माहीत असावे लागते. शिवाय ही मेहंदी वाळून निघाल्यावर आधी नारिंगी दिसते आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी गडद होते. त्यामुळे लक्ष्मीपूजनाला रंग हवा असेल, तर हात दोन दिवस आधी काढावे लागतात. गिऱ्हाईक "दिवाळीला या" म्हणते ते सणाचा दिवस धरून, आणि आमच्या वहीत त्याच्या दोन दिवस आधीचा दिवस भरलेला असतो. अर्ध्या तासात काळाकुट्ट रंग देणारे कोन बाजारात मिळतात, पण त्यांत बहुधा पीपीडी नावाचा केस रंगवण्याचा रंग असतो आणि त्याने कित्येकांच्या कातडीवर फोड येतात. मी ते हातात धरत नाही.

त्या संध्याकाळी खानापूरला जाणे कोणालाच जमले नाही. अंतर सव्वीस-सत्तावीस किलोमीटरच असले तरी विद्यार्थिनीची वही भरलेली होती आणि माझीही. भाऊबीजेला रंग चढेल असे काढून देऊ, असा मी फोनवरून पर्याय सुचवला, पण बाईंच्या घरी सुनेची पहिली दिवाळी होती आणि त्यांना लक्ष्मीपूजनालाच हात रंगलेले हवे होते. त्यांनी फोन ठेवला आणि स्क्रीनशॉट आपल्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्यात खोटे असे काहीच नव्हते, म्हणून विद्यार्थिनीला खुलासाही करता येईना.

दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही दोघी बसून तिचे सगळे पान नव्याने लिहायला लागलो. बायोला दीडशे वर्णांची मर्यादा असते आणि आपल्या लिपीत काना, मात्रा, अनुस्वार वेगवेगळे मोजले जात असल्याने "मेहंदी" या एका शब्दात सहा जागा जातात. म्हणून शोभेची विशेषणे आधी काढली. शोधणारी माणसे मात्र शहराचे नाव टंकतात, म्हणून पानाच्या नावाच्या जागेत `Mehendi Belgaum | Belagavi` असे लिहिले. शहराचे अधिकृत नाव 2014 साली बदलले, पण फोनवर आजही निम्मे लोक जुनेच टंकतात आणि त्यांच्यातल्या कोणालाही मला गमवायचे नाही. पानाचे हे नाव चौदा दिवसांत दोनदाच बदलता येते, म्हणून सणाचा मजकूर तेथे कधीच घालू नये. तो बायोत घालावा, कारण तेथे वाटेल तेव्हा बदल करता येतो. शेवटी बायो असा ठरला:

```
घरगुती कोन, काळी मेहंदी नाही
बेळगाव शहर व खानापूर
धनत्रयोदशी ते भाऊबीज
आगाऊ रक्कम मिळाली की बुकिंग पक्के
चौकशी फक्त खालील लिंकवर
```

लिंक व्हॉट्सॲपची ठेवली. क्रमांकाच्या आधी 91 लिहायचे, पण अधिकचे चिन्ह, शून्य किंवा मोकळी जागा ठेवायची नाही, नाहीतर लिंक उघडत नाही. तिच्यामागे आधीच भरलेला संदेशही जोडला:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Sanacha%20divas:%0AGaav:%0AKiti%20haat:
```

यातला `%0A` म्हणजे नवी ओळ. लिंक दाबली की सणाचा दिवस, गाव आणि किती हात, हे तीन प्रश्न गिऱ्हाइकाच्या पुढे येतात, आणि सणाचा दिवस कळला की मेहंदीचा दिवस आपण सांगतो. ज्यांना कन्नड हवे त्यांच्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तयार उत्तर भरून ठेवले. तिरकी रेघ टंकली की ते पुढे येते. बायोत तिसरी भाषा घालायला जागा नव्हती, आणि दीडशे वर्णांत तीन भाषा कोंबणाऱ्यांचे बायो मला वधूवर सूचक मंडळाच्या पाटीसारखे दिसतात.

वाद राहिला तो चौथ्या ओळीवर. विद्यार्थिनी म्हणाली की आगाऊ रकमेची ओळ वाचून गल्लीतल्या बायका नाराज होतील, "आपल्याच पोरीला कसला ॲडव्हान्स" म्हणतील. मी तिला सांगितले की पाच-सहा कोन भिजवायची पूड, लिंबू आणि आपली एक रात्र यांची किंमत तरी हाती असावी. तिने माझ्यासमोर मान डोलावली, पण तुळशीविवाहानंतर लग्नांची मागणी सुरू झाली तेव्हा पाहिले तर ती ओळ बदलून "आमचे उत्तर आले तरच बुकिंग पक्के" अशी केलेली होती.

ही ओळ लहान आहे आणि खानापूरच्या बाईंना तरी तिने थांबवले असते, हे मान्य करावे लागते. पण उत्तर आलेले असूनही ऐनवेळी "मैत्रीण काढून देते" म्हणून नकार देणाऱ्या बाईचे काय करायचे, याचे तिच्याकडे उत्तर नाही, आणि एका रात्रीत भिजवलेली पूड परत पानांत घालता येत नाही. डिसेंबरमधल्या लग्नांत या दोनपैकी कोणती ओळ टिकते ते विद्यार्थिनी आपल्या वहीत लिहून ठेवणार आहे. माझ्या बायोत मात्र आगाऊ रकमेची ओळ तशीच आहे.