चेंडू तुझाच होता

"बाई, तुम्ही चौतीस वर्षं मुलं बघितलीत. लहानपण खरंच बदललंय, की वय झालं की प्रत्येक पिढीला तसं वाटतंच?"

अनेक आशीर्वाद.

निवृत्त झाल्यापासून जुनी मुलं भेटली की बोलणं फिरून फिरून इथेच येतं. बहुतेकांना मी उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देते. तुझ्या पत्रात मात्र तू लेकीची गोष्ट लिहिलीस. आठ वर्षांची पोर मैत्रिणीशी खेळताना भांडली, रडत घरी आली, तू लगेच त्या मैत्रिणीच्या आईला फोन केलास. मोठ्यांचं गोडीत मिटलं, आणि दोघी मुली मात्र त्यानंतर एकत्र खेळल्याच नाहीत. ते वाचून मला तूच आठवलास, म्हणून हे लांबलचक पत्र.

१९८६ साल. तू चौथीत होतास. मधल्या सुट्टीत तुमचा चेंडू मारून बाद करायचा खेळ चालायचा आणि तो रबरी चेंडू तुझा होता. एकदा चेंडू टप्पा पडून तुझ्या पायाला लागला. सगळे ओरडले, बाद! तू म्हणालास, टप्पा पडून लागला तर बाद नाही. पाच मिनिटं नुसता गलका. मग तू चेंडू उचललास, "माझा चेंडू आहे, मी नाही खेळत जा," म्हणालास आणि निघून गेलास. दुसऱ्या दिवशी बाकीचे पकडापकडी खेळले आणि तू मांडीवर चेंडू घेऊन पायरीवर बसून राहिलास. मी वह्या तपासत खिडकीतून बघत होते. तिसऱ्या दिवशी तुझ्याच वर्गातला एक जण तुझ्याजवळ येऊन बसला. काय बोललात ते मला ऐकू आलं नाही, पण सुट्टी संपता संपता खेळ सुरू झाला होता, आणि त्यात दोन नवे नियम आले होते. टप्पा पडून लागला तर बाद नाही, पण ज्याला लागला त्याने धावत जाऊन चेंडू आणून द्यायचा. आणि चेंडू एकदा मैदानात आला की डाव संपेपर्यंत मालकाला तो नेता येणार नाही.

हा दुसरा नियम मी कधी विसरले नाही. पुन्हा तसं होऊ नये याची तजवीज तुम्ही केलीत, आणि तुझा अपमान न करता केलीत. नऊ वर्षांची मुलं होतात तुम्ही! मी त्यात पडले नाही, पण त्यामागे माझा काही विचार होता असं समजू नकोस. वर्गात बावन्न मुलं होती आणि वह्यांचे गठ्ठे समोर होते. तुमच्या भांडणाला द्यायला कुणा मोठ्या माणसाकडे वेळच नव्हता.

आता पंचवीस-सव्वीस वर्षं पुढे ये. माझी नोकरीची शेवटची वर्षं, वर्गात अठ्ठावीस मुलं, मधल्या सुट्टीत मैदानावर शिक्षकांची पाळी लावलेली. तसाच खेळ आणि तंतोतंत तोच वाद, टप्पा पडून लागला तर बाद की नाही. फरक एवढाच की चेंडू लागल्यावर मुलांनी एकमेकांकडे बघितलंच नाही. सगळी माझ्याकडे धावत आली. "बाई, हा चिडीचं खेळतोय!" मी निकाल दिला, टप्पा पडला तर बाद नाही. खेळ लगेच सुरू झाला, मलाही बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तोच वाद, तिसऱ्या दिवशीही तोच. तीन आठवडे मी रोज तोच निकाल देत होते आणि तो त्यांच्यात मुरत नव्हता. माझी पाठ वळली की नियम गेला, कारण नियम बाईंचा होता.

हे असं का होतं ते ज्याँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये लिहून ठेवलंय. तो मुलांबरोबर जमिनीवर बसून गोट्या खेळायचा. आपल्याला काहीच येत नाही असं दाखवून तो त्यांच्याकडून नियम शिकायचा आणि मग विचारायचा, तू नवा नियम काढलास तर चालेल का? लहान मुलं म्हणायची, छे, नियम मोठ्यांनी केलेले असतात, ते बदलता येत नाहीत. गंमत म्हणजे हीच मुलं खेळताना नियम सर्रास मोडायची आणि ते त्यांच्या लक्षातही यायचं नाही. दहाच्या पुढची मुलं वेगळं सांगायची: सगळे कबूल असतील तर बदलू. आणि एकदा सगळ्यांनी कबूल केलेला नियम ती काटेकोर पाळायची. पहिल्या टप्प्यावरून दुसऱ्यावर मूल येतं ते बरोबरीच्या मुलांशी घासाघीस करून, असं पियाजेचं म्हणणं होतं. मोठ्यांनी नीट समजावून सांगितल्याने ते होत नाही. मोठं माणूस सांगतं तेव्हा मूल ऐकतं किंवा ऐकत नाही. बरोबरीचं मूल "मग मी नाही खेळत" म्हणतं तेव्हा मात्र विचार करावा लागतो, कारण ते गेलं तर खेळच मोडतो.

तर तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. मुलं बदललेली नाहीत. त्यांचा असा वेळ गेला, ज्यात जवळपास मोठं माणूस नसायचं आणि भांडण आपलं आपणच निस्तरावं लागायचं. लोक याचं खापर मोबाइलवर फोडतात, पण हे त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं. मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये १९७१ मध्ये मुलांची पाहणी केली आणि १९९० मध्ये त्याच शाळांमध्ये पुन्हा केली. १९७१ मध्ये सात-आठ वर्षांच्या शंभरातली ऐंशी मुलं मोठ्यांशिवाय शाळेत जात होती. १९९० मध्ये उरली नऊ. तेव्हा मुलांच्या हातात फोन नव्हते. रस्त्यावरच्या गाड्या वाढल्या होत्या आणि आईबापांनी मुलांना घरात घेतलं होतं. मधल्या काळात अपघातात दगावणारी मुलं कमी झाली, तेव्हा रस्ते सुरक्षित झाले असं म्हटलं गेलं. हिलमन यांनी दाखवून दिलं की रस्ते सुरक्षित झाले नव्हते, रस्त्यावरून मुलंच नाहीशी झाली होती. भीती खोटी नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचंय. आजच्या आईबापांना मी दोष देत नाही. पण शाळेत एकट्याने जाण्याबरोबर, रस्त्यात रेंगाळण्याबरोबर, हा भांडणाचा वेळही गेला आणि तो गेल्याचं फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या तीन आठवड्यांनंतर मी मुलांना सांगितलं, उद्यापासून निकाल देणार नाही. मी इथे बसले आहे, कुणाला लागलं तर या, बाकी तुमचं तुम्ही ठरवा.

पहिल्या दिवशी खेळ चार मिनिटांत मोडला आणि उरलेली सुट्टी भांडणात गेली. मग वर्गातला सगळ्यांत दांडगा मुलगा ठरवू लागला आणि बाकीचे मुकाट ऐकू लागले. मला वाटलं, चुकलंच आपलं. पण एकेक करून मुलं गळायला लागली. पाचव्या दिवशी तो एकटा चेंडू भिंतीवर आपटत उभा होता. सहाव्या दिवशी तो इतरांकडे गेला आणि पहिल्यांदाच विचारलं, "मग कसं खेळायचं?" ज्या खेळातून उठून जाता येतं, त्यात दांडगाईला मर्यादा पडते. म्हणूनच वर्ग लावलेल्या, शिट्टीवर चालणाऱ्या खेळात हे शिकायला मिळत नाही. तिथून मूल उठून जाऊ शकत नाही आणि वाद झाला तर सर असतातच.

सगळं सरळ झालं नाही. एका मुलीला रोज वगळलं जात होतं. ती आली की गट फुटायचा आणि लांब जाऊन पुन्हा जमायचा. तिथे मी थांबले नाही, लगेच मध्ये पडले, आणि आजही पडेन. भांडण आणि छळ यात फरक कसा ओळखायचा, हे मी पुढे बरीच वर्षं तरुण शिक्षकांना सांगत आले. भांडणात दोन्ही बाजूंना खेळ हवा असतो. आज एक रडतो, उद्या दुसरा, आणि दोघं परत येतात. छळात रोज तेच मूल रडतं, बाकीच्यांना त्याच्याशिवाय खेळायचं असतं, आणि ते मूल हळूहळू खेळाच्या वेळी पोट दुखतंय म्हणायला लागतं. पहिल्यात आपण हात मागे घ्यायचा. दुसऱ्यात मुलांवर सोपवणं म्हणजे त्या मुलाला टाकून देणं.

मग मी आणखी एक केलं. दुसरीची आणि चौथीची सुट्टी एकत्र घेतली. एकाच वयाची मुलं चुरशीने भांडतात, पण लहानगा मध्ये आला की मोठ्यांना खेळ त्याच्याजोगा करावा लागतो. आठवडाभरात मुलांनीच ठरवलं की दुसरीतल्यांना कच्चा लिंबू धरायचं, पहिल्यांदा चेंडू लागला तर मोजायचा नाही. मी त्यांना तो शब्दही सांगितला नव्हता. कुणाच्या तरी घरी आजी-आजोबांकडून तो आला असणार. एक दिवस दुसरीतला एक मुलगा तावातावाने म्हणाला, मला कच्चा लिंबू नाही व्हायचं, माझं मोजा. त्याच दिवशी तो दुसऱ्याच चेंडूला बाद झाला आणि रडला नाही.

आता तुझी लेक. झालेला फोन झाला, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. पण त्या फोनमुळे भांडण मुलींच्या हातातून निघून मोठ्यांकडे गेलं. तुम्ही दोघांनी ते मिटवलं, त्यांनी मिटवलेलंच नाही. म्हणून त्यांना एकमेकींसमोर यायला अवघडल्यासारखं होत असेल. त्या मैत्रिणीला घरी बोलव. झालेल्या गोष्टीचा विषय काढू नकोस, माफी मागायला लावू नकोस. जमलं तर धाकटं एखादं भावंडही असू दे. खेळायला असं काही दे जे एकच आहे आणि दोघींना हवं आहे, आणि तू शेजारच्या खोलीत बस, आवाज कानावर पडेल इतका जवळ. पहिल्या दहा मिनिटांत आवाज चढेल. लेक तुला हाक मारेल. तेव्हा आत जाऊन कोण बरोबर ते ठरवू नकोस. "मग काय करायचं ठरवलंत?" एवढंच विचार आणि परत ये.

त्यांनी काय नियम काढला, ते मला कळव.

तुझ्या बाई