काठी पडली तेव्हा

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात, तिथल्या आजी-आजोबांना भेटायला नेण्यासाठी मी तयार करत असलेल्या ढवळीची ती पहिली चाचणीभेट होती. ढवळी म्हणजे तीन वर्षांची गावठी कुत्री, स्वभावाने गरीब. रेबीजची लस, जंताचं औषध वेळेवर झालेलं. आदल्या दिवशी आंघोळ घातली, कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड तपासले. नखं कापून कानसीने घासली, कारण म्हातारपणी कातडी इतकी पातळ होते की साधा ओरखडाही जखम करतो. चाकाची खुर्ची, वॉकर, खोकल्याची उबळ, या सगळ्यांची सवय महिनाभरात करून दिली होती. काठीची मात्र नीट तयारी झाली नव्हती.

ओसरीत सहा-सात जण बसले होते. दोन आजींनी तिच्या छातीवरून हात फिरवला. तेवढ्यात एका आबाजींची खुर्चीला टेकवलेली काठी घसरून फरशीवर आपटली.

ढवळी पळाली नाही, भुंकली नाही. उघडं तोंड मिटलं, कान मागे गेले, शेपूट पोटाखाली. मान दुसरीकडे, पण डोळे काठीवर, त्यामुळे डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसत होतं. जिभेने तिने दोनदा नाक चाटलं. "किती शांत आहे, हलली नाही," असं कुणीतरी कौतुकाने म्हटलं. ही शांतता नव्हती, ती थिजली होती. अशा वेळी कुणी वाकून तिला मिठीत घेतलं तर अतिशय गरीब कुत्रंही चावू शकतं, कारण त्याची निसटायची वाट बंद होते.

"काहून भेते बाप्पा हे? मी काई मारतो का तिले?" आबाजींनी विचारलं. त्यांचा प्रश्न रास्त होता. आपल्याकडे शेतात, अंगणात कुत्रं शिरलं की हातात येईल ती तुराटी नाहीतर पऱ्हाटी उगारली जाते. गावठी कुत्र्याच्या लेखी काठी म्हणजे मार. वृद्धाश्रमात तर प्रत्येक खुर्चीला काठी टेकलेली असते.

मी पट्टा ढिला ठेवून ढवळी आणि काठीच्या मध्ये उभी राहिले, मग हळूच वळून तिला अंगणात नेलं. भेट अकराव्या मिनिटाला संपवली. "आणखी थोडं थांबलं तर सवय होईल" हा हिशेब इथे चुकतो. घाबरलेल्या अवस्थेत थांबवलं तर त्या जागेचीच भीती बसते.

पुढचे तीन आठवडे फक्त काठी. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. आधी काठी जमिनीवर आडवी, ढवळी पंधरा फुटांवर. तिने काठीकडे पाहिलं की उकडलेल्या कोंबडीचा हरभऱ्याएवढा तुकडा. क्रम महत्त्वाचा: आधी काठी दिसायची, मग खाऊ. उलटं झालं तर कुत्रं शिकतं की खाऊ आला म्हणजे काठी येणार, आणि खाऊवरूनच विश्वास उडतो. तिने तुकडा नाकारला किंवा बोटांसकट ओढला, तर अंतर कमी पडतंय असं समजून दोन पावलं मागे जायचं.

मग काठी बसलेल्या माणसाच्या हातात, मग चालणाऱ्याच्या. इथे एक चूक हमखास होते. काठीवाल्याच्याच हातात खाऊ देऊन कुत्र्याला जवळ बोलावलं जातं. ते येतं, पण मागचे पाय मागेच ठेवून, मान लांबवून. तुकडा संपला की आपण कुठे उभे आहोत हे त्याला कळतं आणि ते दचकतं. म्हणून आम्ही काठीवाल्याला तुकडा ढवळीच्या पाठीमागे फेकायला सांगितला. खायला ती दूर जायची आणि परत यायचं की नाही, ते तीच ठरवायची.

पडण्याचा आवाज वेगळा शिकवला. काठी आधी घडी घातलेल्या गोधडीवर पाडली, मग पोत्यावर, शेवटी उघड्या फरशीवर. प्रत्येक नव्या टप्प्याला पुन्हा लांबून सुरुवात. पोत्यावरून फरशीवर आम्ही घाईने गेलो, तर दोन दिवस ती अंगणातच येईना. परत गोधडीपासून सुरुवात करावी लागली.

दुसरी भेट सकाळी आठला, वीस मिनिटांची ठरवली. सगळ्यांनी आधी साबणाने हात धुतले. आबाजींनी काठी मांडीवर आडवी धरली होती. मी पट्टा सैल सोडला आणि थांबले. ढवळीने जमीन हुंगली, एकदा अंग झाडलं, मग चारही पाय टाकत त्यांच्या गुडघ्यापाशी जाऊन उभी राहिली. शेपूट सैल, तोंड उघडं. "आता हात लावू का?" आबाजींनी विचारलं. तीन सेकंद छातीवर खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा, असं सांगितलं. त्यांनी हात काढला तशी तिने पुढे सरकून मान त्यांच्या तळव्याखाली घातली.

काठी त्या दिवशीही एकदा पडली. ढवळीने वळून पाहिलं आणि माझ्याकडे तुकडा मागितला. विसाव्या मिनिटाला आम्ही निघालो.