कागदाला कुणी घासलं?

शिराळा तालुक्यात ऑगस्ट म्हणजे भिंतींना ओल, वह्यांची पानं मऊ आणि खडू फळ्यावर उमटायला तयार नाही. चांदोलीकडच्या डोंगरातून येणारा पाऊस दिवसचे दिवस उघडत नाही. अशाच एका शुक्रवारी मी तिसरीच्या वर्गात फुग्यांचं पाकीट घेऊन गेले. एकोणीस मुलं, बहुतेक आठ वर्षांची. फुगा केसांवर घासायचा, कागदाच्या कपट्यांवर धरायचा आणि कपटे उडी मारून चिकटतात ते बघायचं, इतकाच बेत होता. हा प्रयोग मी आधी बऱ्याचदा केला होता, पण दरवेळी हिवाळ्यात. ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

फुगे मी हातपंपानं फुगवले होते. या वयाची मुलं फुगा तोंडात धरतात आणि फुटलेल्या रबराचा तुकडा घशात अडकू शकतो, म्हणून माझ्या वर्गात फुगा तोंडाला लावायचा नाही आणि फुटला तर सगळे तुकडे लगेच माझ्या हातात द्यायचे, हा नियम आहे. फुगा गच्च फुगवायचा नाही, पाऊण भाग पुरे. गाठीपाशी धरायचा, कारण घासलेल्या बाजूला हात लागला की तिथला प्रभार हातातून निघून जातो. कपटे वर्तमानपत्राचे, भाताच्या शितापेक्षा जरा मोठे.

पहिल्या बाकावरच्या मुलानं डोक्यावर दहा-बारा वेळा फुगा घासला, कपट्यांवर धरला. काही नाही. दुसऱ्यानं घासला. काही नाही. पाच जणांचं झालं तरी एक कपटा हलला नाही. मुलांच्या चेहऱ्यावरचा उत्साह मावळताना दिसत होता.

मग मी फुगा घासल्या घासल्या स्वतःच्या मनगटाजवळ नेला. कागद उचलण्यापेक्षा हातावरची लव उभी राहणं सोपं असतं, त्यामुळे फुग्यावर प्रभार आहे का हे तिथे आधी कळतं. लव किंचित उठली. मुलांना म्हटलं, दहापर्यंत मोजा. दहा झाल्यावर पुन्हा धरला, तर लव निपचित. म्हणजे प्रभार तयार होत होता, पण टिकत नव्हता. दमट हवेत फुग्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर बसतो आणि त्यावरून प्रभार हातापर्यंत ओघळून जातो. शिवाय मुलांची डोकी खोबरेल तेलानं चपचपीत. तेलकट केसांशी रबराचा नीट संबंध येत नाही, उलट फुग्यालाच तेलाचा लेप बसतो. आणि कागद तर बोटांना गार लागत होता.

पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी दारातून बघत होत्या. भाताचं पातेलं उतरवून त्या भांडी घासायला निघाल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, पापड मऊ पडल्यासारखं झालंय हे. तव्यावर जरा फिरवून आणू का कागद?"

त्यांनी तवा तापवला, गॅस बंद केला, तवा खाली ठेवला आणि कपटे त्यावर पसरून झाऱ्यानं हलवले. कोरडे झाल्यावर स्टीलच्या डब्यात भरून झाकण लावून आणले. येताना पिशवीतली लोकरीची कानटोपीही त्याच तव्याच्या कडेला ऊब देऊन घेऊन आल्या. मुलं आणि फुगे वर्गातच, विस्तवाजवळ कुणी गेलं नाही. मी नवा फुगा घेतला, कोरड्या फडक्यानं पुसला आणि कानटोपीवर एकाच दिशेनं वीस वेळा घासला. चरचर असा बारीक आवाज आला. डबा उघडून कपटे ताटलीत ओतले आणि फुगा दोन बोटं वर धरला.

कपटे आधी काठावर उभे राहिले. एखादा झोपलेला माणूस कोपरावर उठतो तसे. मग टपाटप फुग्याला जाऊन चिकटले. वर्गातून एकच आरोळी उठली.

त्या भरात मी फळ्यावर तेच लिहिलं जे बरीच वर्षं लिहीत आले होते. घासल्यावर लोकरीतले अतिशय बारीक कण फुग्यावर येतात, त्यांना इलेक्ट्रॉन म्हणतात. त्यामुळे फुगा ऋण होतो, लोकर धन होते. विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात, म्हणून कागद फुग्याला चिकटतो.

खिडकीजवळची एक मुलगी, जी एरवी हजेरीलाही जेमतेम "हजर" म्हणते, ती उभी राहिली. "बाई, लोकर घासली, फुगा घासला. कागदाला कुणी घासलंच न्हाई. मग त्येच्यावर कुठनं आलं?"

मी फळ्याकडे बघत राहिले. तिचं बरोबर होतं. माझं शेवटचं वाक्य कानटोपीला लागू होतं, कागदाला नाही. कागदावर प्रभार नव्हताच. इतकी वर्षं मी मुलांना एक पायरी गाळून शिकवत होते. ते वाक्य मी पुसलं आणि तिला म्हटलं, "तू विचारलंस ते मी चुकीचं लिहिलं होतं. आता नीट शोधू."

एक मुलगा म्हणाला, फुगा चुंबक झाला असेल. म्हणून कपाटातलं चुंबक काढून कपट्यांवर धरायला दिलं. एकही हलला नाही. चुंबक कागदाला ओढत नाही, ते त्यांनीच ठरवलं.

मग बाकडी सरकवली आणि कागद झालो. सोळा मुलांच्या आठ जोड्या केल्या. जोडीतल्या एकाच्या हाताला लाल चिंधी, दुसऱ्याच्या हाताला निळी. लाल म्हणजे धन, निळी म्हणजे ऋण. जोडीनं एकमेकांचा हात सोडायचा नाही, कारण कागदात हे कण सुटून पळत नाहीत, जागच्या जागी थोडे सरकू शकतात. प्रत्येक जोडीत एक लाल, एक निळा, म्हणजे हिशेब सारखा. कागदावर ना धन जास्त ना ऋण. उरलेली तिघं दोन्ही हातांना निळ्या चिंध्या बांधून फुगा झाली आणि समोरून चालत आली.

निळ्याला निळा आवडत नाही, तो मागे रेटतो. लाल निळ्याकडे ओढला जातो. फुगा जवळ आला तसा प्रत्येक जोडीतला निळा एक पाऊल मागे गेला, लाल एक पाऊल पुढे आला. हात धरलेलेच होते. मी म्हटलं, आता थांबा, फुग्याच्या जवळ कोण आहे?

"लाल!"

"आणि लांब?"

"निळा!"

ओढ जवळून असेल तर जोरात, रेटा लांबून असेल तर कमी. चुंबकाचं त्यांना माहीतच होतं, खिळा जवळ असला की झटकन ओढला जातो, लांब असला की नाही. म्हणजे ओढ थोडी जास्त, रेटा थोडा कमी, आणि उरलेल्या थोड्याशा ओढीनं हलका कागद उचलला जातो. जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून बघितला, तो हलला नाही. ती उरलेली ओढ फार थोडी असते.

ती मुलगी निळी होती. आपल्या जागेवरून म्हणाली, "मंजी कागदाला कुणी काय दिलंच न्हाई. त्येचंच त्येच्यात सरकलं."

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. मोठ्या वर्गात याला ध्रुवीकरण म्हणतात. तो शब्द मी त्या दिवशी उच्चारलाही नाही.

एवढ्यात ताटलीजवळ बसलेल्यानं ओरडून सांगितलं की चिकटलेले दोन कपटे फुग्यानं फेकून दिले. खरंच, काही कपटे जरा वेळ चिकटून राहात आणि मग खाली पडण्याऐवजी झटका मारल्यासारखे बाजूला उडत. मी याकडे पूर्वी लक्षच देत नसे, पडले असतील म्हणून सोडून देई. फुग्याला टेकल्यावर कपट्यावर फुग्यातले काही निळे येतात. मग कपटाही निळा, फुगाही निळा, आणि दोघं एकमेकांना रेटतात. हेच जास्त ठळक दाखवायला एकाच्या दप्तरातल्या चॉकलेटची चांदी घेतली, बारीक फाडली. धातूत कण मोकळे फिरतात, त्यामुळे चांदीचे तुकडे कागदापेक्षा जोरात उडी मारून वर गेले, फुग्याला टेकले आणि लगेच उडाले. मुलांनी ते इतक्या वेळा केलं की कानटोपीची ऊब संपली आणि मावशींना ती पुन्हा तव्याकडे न्यावी लागली.

एका मुलानं फुगा घ्यायला नकार दिला होता. उन्हाळ्यात वळवाच्या पावसात त्यांच्या शेतातल्या झाडावर वीज पडलेली त्यानं पाहिली होती. "वीज हाय ना बाई ही?" त्याची भीती खोटी नव्हती, म्हणून हसण्यावारी नेली नाही. घासलेल्या फुग्यावर काही हजार व्होल्ट असू शकतात आणि घरातल्या प्लगमध्ये 230, हे मोठ्या माणसालाही बुचकळ्यात टाकतं. त्याला मी कौलाच्या पन्हाळीतून पडणारा थेंब दाखवला. थेंब उंचावरून पडतो, पण हातावर पडला तर काय होतं? टचकन लागतं आणि संपतं. वारणेला पूर आला तर पाणी तेवढ्या उंचावरून पडत नाही, तरी माणूस वाहून जातो, कारण ते येतच राहतं. फुग्यावर तो एक थेंब असतो. प्लगमधली वीज येतच राहते, म्हणून तिथे बोट, टाचणी, ओला हात काहीही लावायचं नाही, आणि ढगातल्या विजेच्या वेळी झाडाखाली थांबायचं नाही. त्यानं फुगा घेतला. मनगटावरची लव उभी राहिली तेव्हा डोळे मिटून घेतले होते, मग एक उघडला.

शेवटी घासलेला फुगा लाकडी कपाटाच्या दाराला लावला. तो चिकटला आणि सगळ्यांनी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. एकशे बारापर्यंत राहिला, मग हळूहळू घसरत जमिनीवर आला. मुलांनी तो आकडा भिंतीवरच्या तक्त्यावर तारखेसह लिहून ठेवला.

जानेवारीत, कोरड्या थंडीत, आम्ही त्याच कपाटाला त्याच कानटोपीवर घासून फुगा लावला. मुलं मोजता मोजता कंटाळली. मधली सुट्टी झाली, गणिताचा तास झाला, फुगा तिथेच. शाळा सुटताना दुसरीतला एक लहानगा दारात थांबला आणि कपाटाला डिंक लावलाय का म्हणून विचारू लागला. मी बोलायच्या आधी खिडकीजवळची ती मुलगी दप्तर पाठीला लावता लावता म्हणाली, "न्हाई. कपाटातले निळे मागं सरकल्यात."